'फरक पडला नाही' हे ॲबस्ट्रॅक्टमध्ये कसं लिहायचं?

वेदवती_डॉ

एमडी कम्युनिटी मेडिसिनचं तिसरं वर्ष चालू आहे, थिसिस लिहायला घेतलाय आणि शेवटच्या दोन प्रकरणांपाशी अडकले आहे.

अभ्यास थोडक्यात असा. रक्तक्षय असलेल्या २४० गरोदर बायका, चिठ्ठ्या टाकून १२०-१२०चे दोन गट. लोहाच्या गोळ्या दोन्ही गटांना नेहमीसारख्याच, फक्त एका गटाला रोज रात्री ८ वाजता फोनवर मराठीत रेकॉर्ड केलेला निरोप जायचा की आज गोळी घेतली का. ९० दिवसांनी हिमोग्लोबिन मोजलं. निरोपवाल्या गटाचं सरासरी १०.९८, दुसऱ्याचं १०.८६. फरक ०.१२, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल उणे ०.२० ते अधिक ०.४४, पी ०.४७.

म्हणजे काहीच नाही. ॲबस्ट्रॅक्टच्या शेवटी मी लिहिलं, 'व्हॉइस मेसेजमुळे हिमोग्लोबिन वाढत नाही, मोठ्या अभ्यासाची गरज आहे.' गाईड म्हणाले हे फार पडेल वाटतंय, निरोपवाल्या गटात हिमोग्लोबिन ९.९ वरून १०.९८ झालं आणि त्याचा पी ०.००१ पेक्षा कमी आहे, ते पुढे घे. शिवाय रक्तक्षय उरलेल्या बायका ४८ टक्के विरुद्ध ५५ टक्के, तो 'ट्रेंड' म्हणून लिही.

मला हे करायचं नाहीये पण दीड वर्ष गावोगाव फिरून 'काही झालं नाही' असंही लिहवत नाही. खोटं न लिहिता हे उपयोगाचं वाटेल असं कसं मांडायचं? ज्यांनी असे निकाल लिहिलेत त्यांनी कृपया सांगा.

राजू७७

ताई, आमच्या मुलीचा पण निकाल विद्यापीठाने असाच अडकवलाय, मार्कलिस्टवर काहीच नाही. तुम्ही परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी कोणी ऐकत नाही.

वेदवती_डॉ

राजूदादा, माझा परीक्षेचा निकाल नाही हो, संशोधनाचा आहे. पण तुमच्या मुलीचं लवकर होवो. पोच घ्यायचं मात्र लक्षात ठेवते.

मृण्मयी

गाईड म्हणतात ते इतकंही चूक नाही. वाचणारा ॲबस्ट्रॅक्टच वाचतो, त्यात नुसता नकार असेल तर पेपर घेणार कोण? बघ ना, ज्या बायकांकडे स्वतःचा फोन होता त्यांच्यात फरक दिसतोय का. दिसला तर तो पुढे घे. आमच्या डिपार्टमेंटला सगळे असंच करतात.

वेदवती_डॉ

मृण्मयी, तेही बघून झालंय. निरोपवाल्या १२० पैकी ७१ जणींनी नवऱ्याचा नाहीतर सासूचा नंबर दिला होता. स्वतःचा फोन असलेल्यांपैकी ४४ जणींचं शेवटचं हिमोग्लोबिन मिळालं आणि कंट्रोल गटापेक्षा ते ०.३५ नी जास्त आहे. म्हणून तर मोह होतोय.

आकडेमोड

मी बायोस्टॅटिस्टिक्स शिकवतो. आधी दोन गोष्टी सांगा. सॅम्पल साइज काढताना किती फरक धरला होता आणि तो कुठे लेखी आहे? आणि ते ०.३५ कोणत्या कंट्रोलशी ताडून आलं, सगळ्या की स्वतःचा फोन असलेल्या?

वेदवती_डॉ

०.५ ग्रॅम धरला होता, एसडी १.२, पॉवर ९० टक्के. सिनॉप्सिसमध्ये आहे, एथिक्स कमिटीला दिलंय आणि सीटीआरआय या ट्रायलच्या रजिस्ट्रीवर पहिली बाई घ्यायच्या आधी नोंदवलंय. ०.३५ सगळ्या कंट्रोलशी ताडून आलंय.

आकडेमोड

मग तुमच्या हातात बरंच काही आहे. सावकाश लिहितो.

तुमचा इंटर्व्हल उणे ०.२० पासून अधिक ०.४४ पर्यंत जातो. तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं की किमान ०.५ वाढलं तर आम्ही या निरोपाला उपयोगी म्हणू. ते ०.५ इंटर्व्हलच्या बाहेर पडलं. म्हणजे अभ्यासाने एका ठरलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय: आम्ही ज्या आकाराच्या फायद्याची आशा धरली होती तो या आकड्यांशी जुळत नाही. पी ०.४७ एवढंच लिहिलं तर यातलं वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता रक्तक्षय उरलेल्यांचं बघा. तुमचे शेवटपर्यंत राहिलेले आकडे बहुधा १०८ आणि १०६ च्या आसपास असतील, कारण इंटर्व्हलची रुंदी तेवढीच येते. ४८ आणि ५५ टक्क्यांतला फरक साधारण ७ टक्के, पण त्याचा इंटर्व्हल काढा, तो सुमारे २० टक्के कमी पासून ७ टक्के जास्त इतका पसरेल. २० टक्के बायकांचा रक्तक्षय जाणं ही फार मोठी गोष्ट झाली, आणि हा अभ्यास ती नाकारू शकत नाही, आणि उलट थोडं नुकसानही नाकारू शकत नाही. म्हणजे त्याच अभ्यासात एका मोजमापावर उत्तर मिळालं आणि दुसऱ्यावर नाही मिळालं. दोन्हींचा पी ०.०५ च्या वर आहे, म्हणून तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरताय. तिथेच घोळ आहे. 'ट्रेंड' शब्द तर नकोच, सात टक्क्यांकडे बोट दाखवायचं आणि वीस ते उणे सातचा पसारा झाकायचा असा त्याचा अर्थ होतो.

आणि ९.९ वरून १०.९८ चं: दुसऱ्या गटातही ९.९ वरूनच १०.८६ झालं असेल ना? दोघी गोळ्या खात होत्या, दोघींचं वाढलं. ती वाढ गोळ्यांची आणि दिवसांची, निरोपाची नाही. कंट्रोल गट ठेवला तो हेच ओळखण्यासाठी. एकाच गटाचा आधी-नंतरचा पी पुढे आणला तर दीड वर्षाची चिठ्ठ्यांची मेहनत पाण्यात.

वेदवती_डॉ

सर, १०८ आणि १०६ च आहेत! १२ आणि १४ जणी सुटल्या, बहुतेक बाळंतपणाला माहेरी गेल्या. दुसरा गटही ९.९ लाच सुरू झाला होता.

शेतकी_विठ्ठल

मी कृषीचा, हा विषय आमच्याकडे रोजचा आहे पण कधी असा विचार केला नव्हता. आमच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात 'एनएस' म्हणजे नॉन-सिग्निफिकंट लिहिलं की विषय संपला. गेल्या रब्बीत कांद्यावर जिवाणू खताची ट्रायल घेतली, तीन रेप्लिकेशन, खत दिलेल्या प्लॉटला हेक्टरी ९ क्विंटल जास्त, सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स ३१, म्हणून एनएस. निष्कर्षात लिहिलं 'खताचा उत्पादनावर परिणाम होत नाही'. कंट्रोलचं उत्पादन हेक्टरी २५० च्या घरात होतं. आकडेमोड सर, हे बरोबर लिहिलं का?

आकडेमोड

विठ्ठलराव, नाही. तुम्ही ज्याला सीडी म्हणता, ५ टक्क्यांचा, तो दोन ट्रीटमेंटमधल्या फरकाच्या ९५ टक्के इंटर्व्हलची बरोबर अर्धी रुंदी असतो. म्हणजे ९ मधून ३१ वजा करा आणि ९ मध्ये ३१ मिळवा: उणे २२ ते अधिक ४०. अडीचशेवर ४० क्विंटल म्हणजे १६ टक्के. शेतकऱ्याला १० टक्के वाढ मिळाली तरी तो खत घेईल, आणि तुमची ट्रायल ती १० टक्के वाढ नाकारत नाही. 'परिणाम होत नाही' हे वाक्य तुमच्या आकड्यांतून निघतच नाही. 'तीन रेप्लिकेशनमध्ये आम्हाला सांगता आलं नाही' एवढंच निघतं.

वेदवतीच्या आणि तुमच्या निकालात हाच फरक आहे. दोन्हीकडे एनएसच, पण तिच्याकडे माहिती आहे, तुमच्याकडे अजून नाही.

शेतकी_विठ्ठल

हे डोक्यात लख्ख बसलं. पण मग मी काय लिहू? पेपर संपादकाकडे गेलाय.

लॅबवाला

माझं वेगळं मत. हिमोग्लोबिन कशाने मोजलं? साहलीने मोजलं असेल तर तुमचा नल रिझल्ट मापामुळेच आलाय. रंग डोळ्याने जुळवायचा, एकाला १०.५ दिसतं तर दुसऱ्याला ११. डिस्कशनमध्ये पहिलं कारण हेच लिहा.

वेदवती_डॉ

नाही, तळहाताएवढं डिजिटल यंत्र होतं, बोटातून एक थेंब. सगळीकडे तेच एक यंत्र आणि मोजणारीला कोण कोणत्या गटातली ते माहीत नव्हतं.

आकडेमोड

लॅबवाल्यांचं अर्धं बरोबर. माप ढोबळ असलं आणि चूक दोन्ही गटांत सारखीच इकडेतिकडे होत असली तर एसडी वाढतो, इंटर्व्हल रुंद होतो. पण ती रुंदी आपण आत्ता जो उणे ०.२० ते ०.४४ वाचला त्यात आधीच मोजली गेली आहे. तिच्यामुळे सरासरी फरक शून्याकडे ओढला जात नाही. म्हणजे इंटर्व्हल अरुंद आल्यावर 'माप कच्चं होतं म्हणून दिसलं नाही' हे कारण देता येत नाही. फरक खरोखर पातळ करणाऱ्या गोष्टी वेगळ्या: निरोप पोचलाच नाही, कंट्रोलच्या बायकांनाही कोणीतरी आठवण करत होतं, असल्या.

सुमन_कुलकर्णी_निवृत्त

मी एकतीस वर्षं उपकेंद्रात काढली. आकड्यातलं मला कळत नाही पण बाळ, रात्री आठला फोन कोणाच्या खिशात असतो? नवरा पारावर नाहीतर शेतावर मोटर चालू करायला गेलेला. निरोप त्याने ऐकला आणि ठेवून दिला. घरी येऊन बायकोला 'गोळी घे' म्हणणारे किती?

आणि बायका गोळी विसरतात म्हणून घेत नाहीत हेच मुळात मला पटत नाही. मळमळतं, शौचाला काळी होते, पोट गच्च होतं, सासू म्हणते मूल काळं होईल. डबा फळीवर तसाच असतो. विचारलं की सांगतात 'घेतली की'. तिला आठवण करून काय होणार?

अनघा_ज

सुमनकाकू +१००. माझ्या वेळी मी पण कुंडीत टाकायचे, आता सांगायला हरकत नाही.

वेदवती_डॉ

काकू, तुम्ही लिहिलंत ते माझ्या फील्ड डायरीत जागोजागी आहे आणि मी ते थिसिसमध्ये घेतलंच नव्हतं. एका बाईने मला डबा उघडून दाखवला होता, वरच्या दोन पट्ट्या अर्ध्या फोडलेल्या आणि खाली अख्ख्या सहा. तिच्या नंबरवरचे फोन मात्र कॉम्प्युटरच्या नोंदीत जवळपास सगळे 'पूर्ण ऐकले' दिसतात.

उरलेल्या गोळ्या मोजल्या होत्या. ९० पैकी निरोपवाल्या गटाने सरासरी ६४ घेतल्या, दुसऱ्याने ६१. फरक ३ गोळ्यांचा, इंटर्व्हल उणे २ ते अधिक ८.

परदेशस्थ_नितीन

मी सांडपाणी आणि आरोग्य या विषयात काम करतो, वाचक म्हणून सांगतो. वेदवती, हा शेवटचा आकडा तुझ्या डिस्कशनचा कणा आहे.

ओडिशात पुरी जिल्ह्यात १०० गावांत संडास बांधण्याच्या मोहिमेची ट्रायल झाली होती, लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१४ ला आली. मोहीम झालेल्या गावांत संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. पाच वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचं प्रमाण ८.८ विरुद्ध ९.१ टक्के, गुणोत्तर ०.९७, इंटर्व्हल ०.८३ ते १.१२. सरळ नल. पण लेखकांनी 'संडासाचा उपयोग नाही' असं लिहिलं नाही आणि 'आणखी अभ्यास हवा' म्हणून हातही झटकले नाहीत. संडास बांधला, तो चालू आहे का, माणसं वापरतात का, विष्ठेशी संपर्क कमी झाला का, अशी एकेक पायरी मोजून दाखवली. आणि निष्कर्ष काय, तर संडास वाढले म्हणजे आजार कमी होतील असं गृहीत धरता येत नाही, वापर आणि संपर्क बदलेल अशा रीतीने काम व्हायला हवं. सरकारी माणसाला त्या वाक्यातून काय करायचं ते कळतं.

तुझी साखळी: फोन लागला, तिने ऐकला, तिने गोळी घेतली, हिमोग्लोबिन वाढलं. तू दाखवू शकतेस की साखळी गोळीच्या आधीच तुटली. म्हणजे तुझा निकाल लोहाच्या गोळीबद्दल काही म्हणत नाही, निरोपाबद्दल म्हणतो. हे स्पष्ट लिहिलं नाहीस तर कोणीतरी तुझाच पेपर दाखवून म्हणेल की गोळ्या देऊन रक्त वाढत नाही.

मृण्मयी

हे पटलं. पण मग स्वतःच्या फोनचं ०.३५ का सोडायचं? ते तर याच साखळीत बसतंय, फोन हातात असेल तर निरोप पोचतो.

आकडेमोड

बसतंय म्हणूनच जास्त जपायचं. ज्या बाईकडे स्वतःचा फोन आहे तिच्या घरी पैसा, शिक्षण, जेवण सगळंच थोडं वेगळं असणार. तिला सगळ्या कंट्रोलशी ताडलं की तो सगळा फायदा निरोपाच्या खात्यात जमा होतो. वेदवती, कंट्रोलमध्येही स्वतःचा फोन असलेल्या निवडा आणि परत काढा.

वेदवती_डॉ

काढलं. कंट्रोलमध्ये अशा ४२. फरक ०.३५ वरून ०.२० झाला, इंटर्व्हल उणे ०.३१ ते अधिक ०.७१. बरं झालं विचारलंत, मी ते ०.३५ ॲबस्ट्रॅक्टमध्ये टाकणार होते.

आकडेमोड

आता हे डिस्कशनमध्ये दोन ओळीत जाऊ दे: हे आधी ठरवलं नव्हतं, आकडे थोडे आहेत, पुढच्या कोणी फोन कोणाचा ते आधी विचारून घ्यावं. ॲबस्ट्रॅक्टमध्ये नको.

जर्नल_परीक्षक

मी परीक्षण करते, माझा अनुभव. २०१० साली जामामध्ये एक पाहणी आली होती, मुख्य निकाल सिग्निफिकंट नसलेल्या ७२ ट्रायलची. त्यातल्या ५८ टक्क्यांच्या ॲबस्ट्रॅक्टच्या निष्कर्षात निकाल आहे त्यापेक्षा चांगला भासवला होता. म्हणजे मृण्मयीच्या डिपार्टमेंटला 'सगळे असंच करतात' हे खरं आहे, आणि म्हणूनच परीक्षक आता आधी रजिस्ट्री उघडतात. मुख्य मोजमाप काय नोंदवलं होतं आणि निष्कर्षाचं वाक्य कशावर आहे हे मी पाच मिनिटांत ताडते. नल निकालामुळे मी पेपर परत पाठवलेला आठवत नाही. 'ट्रेंड' आणि सबग्रुप निष्कर्षात आणले म्हणून पाठवलेत.

मला मात्र एका गोष्टीवर आकडेमोड सरांशी वाद घालायचा आहे. ०.५ हे पवित्र कसं? रेकॉर्ड केलेला फोन स्वस्त, एकदा बसवला की हजारो बायकांना जातो. इतक्या स्वस्त गोष्टीने ०.३ वाढलं तरी मी घेईन. आणि ०.३ तर तुमच्या इंटर्व्हलच्या आत बसतं.

आकडेमोड

मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. म्हणूनच वाक्य 'परिणाम नाही' असं नको, '०.५ एवढा परिणाम असण्याची शक्यता कमी' असं हवं, आणि इंटर्व्हल शेजारीच हवा, म्हणजे ज्याला ०.३ पुरेसं वाटतं तो स्वतः बघेल. पण निकाल आल्यावर ०.५ चं ०.३ करायचं हेही बरोबर नाही, आधी लिहिलेलं तेच राहणार.

जर्नल_परीक्षक

राहू दे, पण डिस्कशनमध्ये ०.३ नाकारता येत नाही असं उघड लिहावं. नाहीतर योजना बंद करायला हाच पेपर वापरतील.

आकडेमोड

०.३ वेगळं काढून लिहिलं की मग ०.२ का नाही, ०.२५ का नाही? मला अजून पटलेलं नाही. इंटर्व्हल दिलाय तो पुरेसा.

वेदवती_डॉ

आज गाईडांना दाखवलं. इंटर्व्हलचं त्यांना आवडलं, पण म्हणाले व्हायवाला विचारतील, 'पोस्ट हॉक पॉवर' काढून डिस्कशनमध्ये टाक. काढली तर ११ टक्के आली. आता तर अभ्यासच कमी पडला असं दिसतंय?!

आकडेमोड

टाकू नका. मिळालेल्या ०.१२ वरून काढलेली पॉवर म्हणजे त्याच पी व्हॅल्यूला दुसरा सदरा घातला. पी ०.०५ असता तर ती ५० टक्क्यांच्या आसपास आली असती, पी ०.४७ ला ११ च येणार, तुम्ही कितीही बायका घेतल्या असत्या आणि पी हाच आला असता तरी ११ च. तिच्यात नवीन माहिती शून्य. गाईडांना म्हणा, अभ्यास किती बारीक फरक पकडू शकला ते इंटर्व्हलची रुंदीच सांगते, आणि सुरुवातीला धरलेली ९० टक्के पॉवर मेथड्समध्ये आहेच.

वेदवती_डॉ

हे लिहिलंय, बघा. आधी मराठीतच लिहिलं, इंग्रजी नंतर करते, कारण इंग्रजीत लिहायला बसले की आपोआप 'फर्दर स्टडीज आर नीडेड' येतं.

ॲबस्ट्रॅक्ट, निकाल: २४० पैकी २१४ स्त्रियांचे ९० दिवसांनंतरचे हिमोग्लोबिन उपलब्ध झाले. निरोप गट आणि नेहमीची सेवा यांतील फरक ०.१२ ग्रॅम होता (९५ टक्के इंटर्व्हल उणे ०.२० ते ०.४४). घेतलेल्या गोळ्यांतील फरक ९० पैकी ३ होता (उणे २ ते ८). रक्तक्षय उरलेल्या स्त्रियांच्या प्रमाणाबाबत अंदाज इतका ढोबळ होता की निष्कर्ष काढता येत नाही.

निष्कर्ष: रोजच्या ध्वनिमुद्रित निरोपाने हिमोग्लोबिनमध्ये आधी ठरवलेली ०.५ ग्रॅमची वाढ होण्याची शक्यता कमी दिसते. निरोपाने गोळ्या घेण्यातच फारसा बदल झाला नाही, त्यामुळे हा निकाल लोहाच्या गोळ्यांच्या गुणाबद्दल नाही. नोंदवलेले बहुसंख्य फोन क्रमांक स्त्रीचे स्वतःचे नव्हते.

डिस्कशनची सुरुवात काकूंच्या मुद्द्याने करतेय: आम्ही विसरण्यावर उपाय केला, पण अडचण विसरण्याची होती का हे आम्ही आधी विचारलं नव्हतं. मग सुटलेल्या २६ जणी, त्या वेगळ्या असतील तर निकाल किती हलेल. '०.३' चा वाद मिटला नाही म्हणून एक ओळ घातली आहे, सर रागावू नका.

जर्नल_परीक्षक

शेवटचं वाक्य फोनवालं ॲबस्ट्रॅक्टमध्ये ठेव, ते आकडा आहे, कारण नाही. 'बहुसंख्य' ऐवजी '१२० पैकी ७१' लिही.

सुमन_कुलकर्णी_निवृत्त

वाचलं. सासूचं 'मूल काळं होईल' ते पण घाल कुठेतरी.

शेतकी_विठ्ठल

मी संपादकांना कळवलं की 'परिणाम होत नाही' काढून ९ क्विंटल, उणे २२ ते ४० असं करायचं आहे. त्यांचं उत्तर आलं की आमच्या साच्यात इंटर्व्हलचा रकाना नाही, सीडी पुरेसा आहे. आता तक्त्याखाली तळटीप मागतोय. कोणी कृषीच्या मासिकात असं करून घेतलंय का?